कूलर फुल, फॅन पाचवर, तरी पलंगावर वारंच नाही: आधी खोलीतलं सामान बघा, मग मेकॅनिकला फोन करा

परभणीत फॅन-कूलर रिपेरिंगचं काम करतो, आणि दरवर्षी गुढीपाडवा झाला की मृगाचा पाऊस पडेपर्यंत फोनवर एकच वाक्य ऐकत असतो, "भाऊ, कूलर थंड हवा देईना, येऊन बघा." जाऊन बघितलं तर बहुतेक घरांत कूलरही चांगला असतो आणि फॅनही चांगला असतो. बिघडलेली असते ती मांडणी, म्हणजे पलंग एकीकडं, फॅन दुसरीकडं, मधी लोखंडी कपाट आणि सगळी दारं-खिडक्या बंद. मग मी कूलर न खोलता पलंग सरकवतो, खिडकी उघडतो आणि माणसं माझ्याकडं अशी बघतात की ह्याला पैसे कशाचे द्यायचे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आधी फुकटातलं आणि मग खर्चाचं, त्याच क्रमानं करत जा.

लक्षणं कोणती

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर दोष मशीनचा नसून जागेचा असायची शक्यता जास्त आहे.

कूलरच्या जाळीसमोर हात धरला तर हवा चांगली गार लागते, पण पाच-सहा फुटांवर पलंगावर काहीच नाही. कूलर लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं आणि मग अंग चिकचिक करायला लागतं, उशीचा अभ्रा दमट लागतो, डब्यातून काढलेला पापड ताटात ठेवला की मऊ पडतो. फॅनखाली खोलीच्या मधोमध उभं राहिलं तर केस उडतात पण झोपायच्या जागी मच्छरदाणीसुद्धा हालत नाही. रात्री अकरा वाजता फॅन लावला की वरून गरम भपका येतो. घरातला एक माणूस पांघरूण मागतो आणि शेजारचा घामाघूम, हे तर पक्कं लक्षण.

आणि जाळीसमोर हात धरूनसुद्धा हवा गार लागत नसेल तर मांडणीच्या आधी गवत आणि पाणी बघा. गवत दाबून बसलंय का, क्षार चढून दगड झालंय का, पाण्याची मोटर वरच्या नळीत पाणी चढवतेय का. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, एका सीझनमध्येच गवतावर पांढरी पुटं चढतात. तो वेगळा विषय आहे, इथं मी धरून चालतो की जाळीसमोर गार लागतंय.

पहिलं: हवा बाहेर जायला वाट आहे का? (खर्च शून्य)

सगळ्यात जास्त वेळा चूक इथंच सापडते, आणि लोकांना सांगितलं तर पटत नाही. कूलर हा एसी नाही. एसी खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो म्हणून त्याला दारं बंद लागतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेते, म्हणून हवा गार होते, पण ती वाफ त्याच हवेत बसून खोलीत येते. ही हवा तुमच्या अंगावरून जाऊन बाहेर पडली पाहिजे. दारं बंद केली की तीच दमट हवा खोलीत साचते, कूलर तीच परत ओढतो, आणि आधीच ओल्या असलेल्या हवेत पाण्याची वाफ होणार कशी? मग गारवाही नाही आणि घामही वाळत नाही.

आकड्यात सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ डिग्री आणि हवा खडखडीत कोरडी असली की खिडकीत बसवलेल्या बऱ्या कूलरच्या जाळीसमोर थर्मामीटर २७ ते २९ दाखवतो. तोच कूलर बंद खोलीत तासभर चालवा आणि परत बघा, आकडा वर सरकत गेलेला असतो.

तपासायचं असं. कूलर फुल स्पीडवर लावा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी हातभर उघडा. तिथं पेटलेली उदबत्ती धरा. धूर जोरात बाहेर ओढला गेला तर वाट बरोबर आहे. धूर तिथंच घुटमळला तर उघडी जागा कमी पडतेय किंवा हवा दुसरीकडूनच निसटतेय. धूर आत आला तर तुमचा कूलर खोलीतलीच हवा ओढतोय, बाहेरची नाही.

उघडी जागा किती पाहिजे? कूलरच्या समोरच्या जाळीएवढी तर हवीच, शक्यतो दुप्पट ठेवा, आणि मच्छरजाळी असेल तर अजून थोडी, कारण जाळी हवा अडवते, त्यातून धूळ बसलेली असेल तर फारच अडवते. ही वाट कूलरच्या समोर किंवा तिरक्या कोपऱ्यात पाहिजे, आणि कूलर आणि ती वाट ह्यांच्या मधी माणूस झोपलेला पाहिजे. अख्ख्या लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. कूलरच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर गार हवा जाळीतून निघून लगेच वळून बाहेर जाते, पलंगापर्यंत येतच नाही, हवा पण शॉर्टकट शोधते आपल्यासारखी.

दुसरं: फॅनचं वारं जमिनीवर कुठं पडतंय? (एक दोरा, एक नट, एक खडू)

फॅन खोलीच्या मधोमध लावतात कारण स्लॅब भरताना मिस्त्रीनं हूक तिथं सोडलेला असतो. पलंग मात्र भिंतीला चिकटवून कोपऱ्यात लावतात कारण जागा वाचते. आता ४८ इंची फॅन म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. वारं खाली येताना थोडं पसरतं, पण त्या गोलाच्या बाहेर गेलं की जोर पटकन उतरतो. म्हणजे दहा बाय चौदाच्या खोलीत कोपऱ्यात झोपलेल्या माणसाला फॅनचं वारं सरळ मिळतच नाही, जमिनीवर आपटून भिंतीवरून परत वर जाणारं उरलंसुरलं मिळतं. आणि पलंग खालून बंद पेटीचा असेल तर फरशीवरून सरकणारं वारंही त्या पेटीला अडतं. जुनी बाज ह्या बाबतीत लई भारी, खालून मोकळी आणि विणकामातून पाठीला पण हवा.

दोऱ्याला एक नट बांधा, फॅन बंद करून, मेन स्विच पाडून, स्टुलावर चढून फॅनच्या मधल्या कपाखाली दोरा धरा आणि नट जिथं टेकेल तिथं खडूनं फुली मारा. त्या फुलीपासून अडीच फुटांचा दोरा धरून फरशीवर गोल काढा. शहाबादी फरशीवर खडू छान उमटतो. हा गोल म्हणजे तुमच्या फॅनचं खरं राज्य.

पलंग गोलाच्या मधी आणायचा असा अर्थ काढू नका, माणूस आणायचा. त्यातही छाती आणि मान गोलात आली पाहिजे, पाय बाहेर राहिले तरी चालतं. अजून एक गंमत अशी की मोटरच्या बरोबर खाली वारं कमीच असतं, पाती तिथून सुरू होतात आणि मुळाशी पात्याचा वेग कमी असतो. जोर असतो फुलीपासून एक ते दोन फुटांवर. त्यामुळं डोकं बरोब्बर फुलीखाली ठेवून तक्रार करणारे पण मी बघितलेत.

जागा नाहीच असं म्हणणाऱ्यांनी आधी पलंग फिरवून बघावा. लांबी उत्तर-दक्षिण होती ती पूर्व-पश्चिम केली की पुष्कळदा एक-दीड फूट फरक पडतो. आमच्या आईला दक्षिणेकडं पाय चालत नाहीत, तेवढं सांभाळूनही तीन पर्याय उरतात.

तिसरं: कूलरच्या पाठीला आणि तोंडाला काय अडतंय?

कूलरला तीन बाजूंनी गवत असतं आणि तिन्ही बाजूंनी तो हवा ओढतो. खोलीत ठेवला आणि पाठ भिंतीला लावली की एक बाजू गेली, शेजारी धान्याची कोठी असली की दुसरी गेली. मग तो एका बाजूनं तेवढीच हवा ओढायला बघतो, आवाज वाढतो आणि हवा कमी येते. प्रत्येक गवताच्या बाजूला फूट-दीड फूट तरी मोकळं पाहिजे.

खरी जागा खिडकीत, अंग बाहेर आणि फक्त तोंड आत. खिडकीत बसवला की कूलरच्या चारी बाजूंच्या फटी प्लायवूड, थर्मोकोल, जाड पुठ्ठा, काय मिळेल त्यानं बंद करा, कारण ह्या फटीतून आतली ओली हवा बाहेर जाऊन परत गवतात शिरते. हे लई जणं करत नाहीत. खिडकी पश्चिमेची असेल तर वर सावली करा, शेडनेट किंवा जुना पत्रा हातभर पुढं काढून, पण गवतावर गोणपाट टाकून झाकू नका, झाकलं की हवा बंद.

तोंडाच्या बाजूचं सामान मग बघा. कूलरची हवा सरळ झोतात जाते आणि गार असल्यामुळं जडही असते, पुढं जाता जाता खाली बसते. वाटेत तीन फूट उंच पाठीचा सोफा आला की झोत त्याच्या पाठीवर आपटून वर उडतो, गरम हवेत मिसळतो आणि संपला. कपाटाची कड मधी आली तर झोत भिंतीकडं वळतो. म्हणून जाळीचा मध्य गादीपेक्षा फूटभर वर असावा आणि जाळीपासून पलंगापर्यंत मधी काही उभं नसावं. टीपॉय, पाट, खुर्ची चालेल, उंच काही नको. झोतात पडदा लोंबत असेल तर तो बांधून टाका, पातळ पडदाही बराच जोर खातो.

चौथं: दोन्ही लावल्यावर फॅन कितीवर ठेवायचा?

इथं भांडणं होतात, त्यामुळं सावकाश वाचा. वरचा मजला असेल, म्हणजे डोक्यावर सरळ उन्हात तापलेला स्लॅब असेल, तर स्लॅबखालच्या दोन फुटांत गरम हवेचा थर साचलेला असतो. फॅन पाचवर लावला की तो थर ओढून तुमच्या अंगावर टाकतो आणि कूलरचा आडवा झोत वरून दाबून तोडतो, म्हणजे दोघं एकमेकांच्या कामात खोडा घालतात. तिथं कूलर चालू असताना फॅन बंद किंवा एक नंबरवर ठेवायचा.

तळमजला असेल आणि वर दुसरं घर असेल तर स्लॅब एवढा तापत नाही, तिथं फॅन एक-दोनवर ठेवला तर कूलरची हवा खोलीभर सारखी पसरते आणि फायदाच होतो. पाचवर तिथंही नको.

माझं मानू नका, स्वतः बघा. दुपारी तीनला कूलर लावून वीस मिनिटं फॅन बंद, मग वीस मिनिटं एकवर, मग वीस मिनिटं पाचवर, आणि प्रत्येक वेळी उशीवर साधा थर्मामीटर ठेवून आकडा लिहा. थर्मामीटर झोतात धरू नका, उशीवरच ठेवा, कारण झोपायचं तिथं आहे. आकडा सारखाच असेल आणि अंगाला वेगळं वाटत असेल तर अंगाचं ऐका. वाहतं वारं घाम वाळवतं, ते थर्मामीटरला कळत नाही.

ताईच्या खोलीत काय केलं

सेलूला माझ्या मोठ्या बहिणीचं घर. मे महिन्यात गेलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, नवीन कूलर घेऊन पैसे पाण्यात गेले बघ, यापेक्षा ओसरीत बरं वाटतं." दाजींनी तर दुकानदाराला दोन वेळा बोलावून पाण्याची मोटर बदलून घेतलेली, मोटरीत काही नव्हतंच.

खोली दहा बाय चौदा, तळमजला, वर अजून एक मजला. पूर्वेच्या छोट्या भिंतीत ओसरीचं दार आणि त्याच्यावर झरोका, पश्चिमेच्या भिंतीत परसाकडं उघडणारी एकच खिडकी, दक्षिणेच्या भिंतीत खिडकीजवळच स्वयंपाकघराचं दार. फॅन मधोमध. पलंग खिडकीखाली उत्तर-पश्चिम कोपऱ्यात. कूलर दाराशेजारी उत्तर-पूर्व कोपऱ्यात, पाठ भिंतीला चार बोटांवर, आणि उत्तरेच्या भिंतीच्या मध्यावर साडेसहा फुटी लोखंडी कपाट दीड फूट पुढं आलेलं. खिडकी बंद, वर जाड पडदा, झरोक्याला धूळ येते म्हणून पेपर चिकटवलेला. दुपारी बाहेर ४२ होतं, उशीवर थर्मामीटर ३४ आणि अंग नुसतं चिकट.

आधी काहीच न हलवता खिडकी उघडली आणि झरोक्याचा पेपर फाडला. अर्ध्या तासात चिकचिक कमी झाली, आकडा मात्र फारसा हलला नाही, कारण झोत कपाटाच्या कुशीवर आपटत होता. कपाटाच्या दाराला लावलेली ओढणी फडफडत होती आणि पलंगावरचं वर्तमानपत्र जागचं हलत नव्हतं, एवढ्यावरून कळलं.

मग भाच्याला हाताशी घेऊन कपाट रिकामं करून दक्षिणेच्या भिंतीला पूर्वेच्या टोकाला नेलं. भरलेलं कपाट ओढू नका, फरशी फुटते आणि पाय वाकतात. कूलर परसात स्टँडवर ठेवून खिडकीत तोंड दिलं, फटीत टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल कापून बसवलं, वर शेडनेट बांधली. पलंग फिरवला, उशी उत्तरेच्या भिंतीकडं आणि पलंगाचा मध्य फॅनच्या समोर. पण खडूचा गोल काढला तर उशी भिंतीला चिकटवल्यावर छाती फुलीपासून तीन फूट लांब पडत होती, गोलाच्या बाहेर. म्हणून पलंग भिंतीपासून फूटभर पुढं ओढला, छाती दोन फुटांवर आली. पायाकडं जायला-यायला पावणेतीन फूट उरले, ताई कुरकुरली पण चालतंय.

एक गोष्ट मात्र चुकली होती ती संध्याकाळी लक्षात आली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि ते कूलरच्या अगदी शेजारी. गार हवेचा बराच भाग तिकडंच जात होता, ताई पोळ्या करताना म्हणते, "आज कसं गार वाटतंय." ते दार लोटून घेतलं की सगळी हवा पलंगावरून ओसरीकडं जायला लागली. रात्री दार उघडं ठेवायची भीती होती, तर झरोका अडीच बाय सव्वा फुटाचा, त्याला मच्छरजाळी मारली, कूलरची जाळी सोळा इंच चौरस, म्हणजे झरोक्याची जागा तिच्या दीडपटीच्या वर झाली, आणि दार साखळीवर चार बोटं उघडं. झरोका वर असल्याचा अजून एक फायदा, छताखाली साचलेली गरम हवा आधी तिथूनच निघून जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर तेवढंच ऊन, फॅन एक नंबरवर, उशीवर ३०. मेकॅनिकचा खर्च शून्य, मच्छरजाळी आणि शेडनेटचे काय ते पैसे.

पाचवं: मांडणी बरोबर, तरी फॅन दम धरेना (थोडा खर्च)

आता मशीनकडं वळू. पहिलं, मेन स्विच पाडून पाती ओल्या फडक्यानं पुसा, विशेषतः पुढची कड, तिथं धुळीचा जाड थर बसतो आणि हवा कापली जात नाही. पुसताना पात्याला लोंबकळू नका, पातं वाकलं की फॅन हलायला लागतो.

दुसरं, फॅन कुठल्या दिशेला फिरतोय बघा. रिवाइंडिंग करून आणलेल्या फॅनमध्ये कधीकधी वायरी उलट जोडल्या जातात आणि फॅन उलटा फिरतो, वेग दिसतो भरपूर पण वारं वर जातं. आपल्याकडचे नेहमीचे फॅन खालून बघितल्यावर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. फिरताना पात्याची वर उचललेली कड पुढं असेल तर वारं खाली येतं. उलटा फिरत असेल तर ज्यानं वाइंडिंग केलं त्याच्याकडंच न्या, पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं, सगळ्या नंबरवर फॅन मंद असेल, हातानं ढकलल्यावर सुरू होत असेल तर कंडेन्सर उतरलाय. साध्या फॅनला बहुतेक २.५ एमएफडीचा असतो, जुन्यावर लिहिलेलं असेल तोच घ्या, जास्तीचा टाकून वेग वाढवायला जाऊ नका, वाइंडिंग तापून जळते. पण त्याआधी शेजारी विचारा, त्यांचा फॅनही संध्याकाळीच मंद होतो का. होत असेल तर व्होल्टेज कमी आहे, डीपीवर लोड आलेला आहे, कंडेन्सर बदलून काही होणार नाही.

सहावं: फॅनची उंची आणि जागा बदलणं

हे शेवटी ठेवलंय कारण खर्च आहे आणि धोका आहे. पाती स्लॅबपासून फूटभर तरी खाली पाहिजेत, नाहीतर फॅनला वरून हवाच मिळत नाही आणि तो नुसता घुमतो. जमिनीपासून पाती आठ फुटांवर असली तर उत्तम, साडेसातच्या खाली आणू नका, पोरं गादीवर उड्या मारतात. जुन्या माळवदाच्या वाड्यात किंवा उंच पत्र्याच्या घरात बारा-तेरा फुटांवर फॅन टांगलेला असतो, त्याचं वारं खाली येईपर्यंत विरून जातं, तिथं लांब रॉड घालून फॅन खाली घेतला तर नवा फॅन घेतल्यासारखा फरक पडतो. पोटमाळ्याची कड किंवा कपाटाचा माथा पात्याच्या टोकापासून दीड-दोन फुटांच्या आत असेल तर फॅन घुमतो आणि हलतो, तिथं कपाट हलवा, फॅन नाही.

पलंग कुठंच सरकत नसेल तर हूक सरकवण्यापेक्षा पलंगाच्या पायाकडच्या भिंतीवर भिंतीचा फॅन लावा, स्वस्त पडतं आणि स्लॅबला हात लागत नाही.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण झालं तर त्याच क्षणी मेन स्विच पाडा, परत "बघू जरा" म्हणून हात लावू नका. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, माणूस जायला एवढं पुरतं, दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं होतं. टाकीत पाणी टाकताना प्लग काढलेलाच असला पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असलं की बंद असूनही आत करंट असतो. अर्थिंग बघणं, करंट गळला की लगेच लाईन पाडणारा तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवणं हे लायसनवाल्या वायरमनचं काम आहे, माझ्यासारख्या रिपेरिंगवाल्याचं पण नाही, मी स्वतः माझ्या घरी वायरमनच बोलावला.

रॉड बदलायचा, हूक बदलायचा, नवी जागा करायची हे घरी करू नका. हुकाभोवती स्लॅबचे पोपडे पडलेत, गंजाचा तांबूस ओघळ दिसतोय, किंवा फॅन फिरताना वरून टकटक येतेय, तर फॅन बंद ठेवा आणि पलंग त्याच्याखालून काढा, मग बोलवा. माळवदाचं सर किंवा पत्र्याच्या कैचीचं लाकूड वाळवीनं पोकळ झालेलं वरून दिसत नाही, सुतारानं ठोकून बघितल्याशिवाय त्याला फॅन टांगू नये. जळका वास आला, मोटर हाताला चटका देईल एवढी तापली, तर तिथंही आपली तपासणी संपली.

आणि रोहिणीच्या सरी पडून गेल्या, मृग लागला, हवा दमट झाली की कूलरवरून भांडू नका. बाहेर ३४ असलं तरी हवेत ओल असते, जाळीसमोर ३० च्या खाली काही येत नाही, कितीही नवं गवत टाका. तेव्हा पाण्याची मोटर बंद करून कूलर नुसता पंख्यासारखा चालवा, खिडक्या सगळ्या उघडा, आणि फॅन आता खुशाल पाचवर करा.